दाराच्या पायाशी चढणारा काळेपणा

फरशी पुसताना ओलं फडकं दाराला लागतं आणि म्हणून दार खालून काळं पडतं, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. दाराच्या समोरच्या बाजूला पॉलिश असतं आणि त्यावर थोडा वेळ पाणी राहिलं तरी सहसा ते आत मुरत नाही. पाणी शिरतं ते खालून. दार चौकटीत बसल्यावर पॉलिशवाला येतो, दोन्ही बाजू आणि दिसणाऱ्या कडा पॉलिश करतो. फरशीकडे तोंड असलेली कड कुणालाच दिसत नाही, म्हणून ती कोरी राहते. दाराखाली छोटा आरसा सरकवून टॉर्च मारा. बहुतेक घरांत तिथे उघडं लाकूड दिसेल.

आणि हीच कड सगळ्यांत तहानलेली असते. झाडात पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या कापलेल्या लाकडातही तशाच राहतात. दाराच्या उभ्या पट्ट्यांमध्ये त्या उभ्या असतात आणि खाली करवतीने कापल्या जागी त्यांची तोंडं उघडी पडतात. मॉप फिरवल्यावर दाराखाली राहिलेलं पाणी त्या ओढून घेतात. रोज पुसणं होतं, आतला ओलावा वाळायला सवड मिळत नाही. म्हणूनच डाग आडव्या पट्ट्यासारखा न दिसता वर चढलेल्या जिभांसारखा दिसतो.

काळेपणाची कारणं मुख्यतः दोन, आणि उपाय वेगळे असल्यामुळे आधी ओळख पटवायला हवी. पहिलं कारण लोह. सागवानात टॅनिन असतं. बोअरच्या पाण्यातलं लोह, खिळा किंवा तारेच्या घासणीचा कण ओल्या लाकडात त्याला भेटला की निळसर काळा रंग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची शाई करत, ती याच क्रियेने. दुसरं कारण बुरशी. तिचे डाग ठिपक्याठिपक्यांचे असतात आणि कुबट वास येतो. डागावरचं पॉलिश नखाएवढ्या जागी काचपेपरने काढून त्यावर लिंबाच्या रसाचा थेंब ठेवा. काही मिनिटांत तिथला काळेपणा फिका झाला तर ते लोह. पॉलिशमध्येच पांढरट ढग दिसत असेल, तर पाणी फक्त वरच्या थरात अडकलंय. तो डाग अनेकदा दार नीट वाळलं की विरतो.

एक दार प्रत्यक्ष घेऊन पाहू. पुण्यातल्या एका फ्लॅटमधलं सागवानी व्हीनियरचं फ्लश डोअर. इमारतीला बोअरचं पाणी, खालून चार इंच चढलेल्या काळ्या जिभा, आणि कडीच्या बाजूला व्हीनियर फुगलेलं. दार फरशीला घासू लागलं होतं. अशा वेळी सुतार म्हणतो, खालून रंधा मारून देतो. त्याला थांबवा. ओल्या, फुगलेल्या लाकडाला रंधा मारला तर वाळल्यावर दार आक्रसतं आणि खाली नको तेवढी फट राहते. शिवाय आणखी कोरं लाकूड उघडं पडतं.

आधी दार बिजागऱ्यांतून काढायचं आणि सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असं ठेवायचं. उन्हात ठेवलं किंवा गरम हवेचा झोत दिला तर वरचा थर आधी आक्रसतो, व्हीनियर उचलतं, चिरा पडतात. फुगलेल्या जागी दाराची जाडी मोजून पेन्सिलने तिथेच लिहून ठेवा. दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजा. जाडी कमी व्हायची थांबली की दार वाळलं. याला आठवडा लागतो, कधी तीन. पावसाळ्यात हे काम काढूच नये, माघ-फाल्गुनातली कोरडी हवा त्यासाठी उत्तम.

मग डाग. डागापुरतंच पॉलिश खरवडलं तर ठिगळ दिसतं. म्हणून या दाराला खालून सहा इंचांवर चिकटपट्टीने सरळ रेष आखून पूर्ण रुंदीचं पॉलिश काढलं. घन सागवान असतं तर दीडशे नंबरच्या काचपेपरने सुरुवात चालली असती. इथे व्हीनियर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड, त्यामुळे दोनशेवीस नंबर, हलक्या हाताने आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. काळेपणा घासून काढायचा मोह इथे सर्वांत महाग पडतो. डाग व्हीनियरपेक्षा खोल असतो आणि खालचं प्लाय उघडं पडलं की दुरुस्ती नाही.

तो काळेपणा काढतं ऑक्झॅलिक ॲसिड. रंगाच्या दुकानात त्याची पांढरी पूड मिळते. एक लिटर कोमट पाण्यात पन्नास ग्रॅम पूड, प्लास्टिकच्या भांड्यात. धातूचं भांडं नको. ही पूड विषारी आहे, म्हणून रबरी हातमोजे, चष्मा आणि मास्क हवाच, आणि मुलांना लांब ठेवायचं. ब्रशने द्रावण फक्त डागावर न लावता पूर्ण पट्ट्यावर सारखं लावायचं, नाहीतर डागाच्या जागी उजळ ठसा उरतो. वीस मिनिटांत काळेपणा पिवळट होत जातो. ओल्या स्पंजने दोन-तीनदा पुसून घ्यायचं, मग लिटरभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून एक हात फिरवायचा आणि पुन्हा साध्या पाण्याने पुसायचं. स्पंज घट्ट पिळलेला असावा, आपण दार वाळवायला काढलंय हे विसरू नये. जुना डाग एकदा जात नाही, दुसरा हात द्यावा लागतो. ॲसिड नीट पुसलं नसेल तर वाळल्यावर पांढरी पूड दिसते. तिच्यावर काचपेपर मारू नका, ती नाकात जाते. पुन्हा पुसा.

बुरशी असेल तर ब्लीच पातळ करून लावतात. पण ॲसिड आणि ब्लीच एकाच जागी, एकामागोमागही वापरायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

फुगलेलं व्हीनियर दार वाळल्यावर थोडं बसलं, उरला पोकळ फुगा. रेषेच्या दिशेने ब्लेडने बारीक चीर देऊन पाण्याला टिकणारा लाकडाचा गोंद सिरिंजने आत सोडला, वर प्लास्टिकचा कागद आणि सपाट फळी ठेवून रात्रभर शिकंजा आवळला.

शेवटी ती कोरी कड. तिला पीयूचे तीन हात, दोन हातांमध्ये पूर्ण वाळू देऊन. पहिला हात लाकूड पिऊन टाकतं, म्हणून तो थोडा पातळ असावा. मग समोरच्या पट्ट्याला जुळता रंग आणि पॉलिश. दार काढणं शक्यच नसेल, तर जुन्या गालिच्याची पातळ पट्टी पीयूत भिजवून दाराखालून पुढेमागे ओढावी, कड बरीचशी माखली जाते. पण ती आधी वाळलेली हवी.

चौकटीच्या पायाचीही हीच कथा, फक्त तो काढता येत नाही. तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. लाकूड कडक असेल तर वरच्याच क्रमाने डाग काढता येतो. टोक सहज आत गेलं तर ते कुजलेलं किंवा वाळवीने खाल्लेलं आहे, आणि तेवढा तुकडा कापून नवा जोडावा लागतो.

दार एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डचं असेल तर फुगवटा परत बसत नाही. घन लाकूड वाळलं की बरंचसं मूळ मापावर येतं. इथे मात्र दाबून चिकटवलेला भुसा पाण्याने सुटा झालेला असतो. तेवढी पट्टी कापून सागवानी बत्ता गोंद आणि स्क्रूने बसवणं, एवढाच मार्ग. त्यावर स्टीलची पट्टी ठोकून काम झाकणं मला पटत नाही, कारण आतलं पाणी तिच्यामागे कोंडतं आणि वरचा भाग फुगायला लागतो. पट्टी लावायचीच तर दार वाळवून, कड बंद करून, मगच लावावी.

पुसताना मॉप इतका पिळलेला असावा की फरशी दोन मिनिटांत वाळेल, आणि दाराखालची जागा लगेच कोरड्या फडक्याने टिपावी.