हबलच्या बॅटऱ्यांच्या एक लाख रात्री

सुमारे ९५ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणाऱ्या हबल दुर्बिणीला प्रत्येक फेरीत जवळजवळ ३५ मिनिटे पृथ्वीच्या छायेत काढावी लागतात, आणि सौरपट्ट निरुपयोगी ठरलेल्या त्या अवधीत तिचा सारा कारभार सहा निकेल-हायड्रोजन बॅटऱ्यांच्या हवाली असतो. वर्षाकाठी अशा रात्री साडेपाच हजारांच्या आसपास! खोल उपसा झाला की घट लवकर झिजतो, म्हणून दर रात्री साठ्याचा अल्प हिस्साच खर्चावा असा काटकसरीचा दंडक तेथे आहे. भारण होताना घटात हायड्रोजन साचत जात असल्यामुळे, बाहेरच्या निर्वातातही न फुटणारे भक्कम दाबपात्र हेच त्याचे आवरण. आणि त्यातील दाब पाहिला की शिल्लकेचा हिशेब पृथ्वीवर बसून लागतो. उष्णतेचे प्रकरण अधिक बिकट, कारण वाराच नसल्याने ती धातूतून वाहून नेऊन पृष्ठभागावरून प्रारणानेच बाहेर टाकावी लागते, आणि थंडी वाढली की उलट विजेचे तापक लावावे लागतात. किरणोत्सर्गाचा जाच घटांपेक्षा भारणनियंत्रक मंडलांनाच अधिक. १९९० साली गेलेल्या या बॅटऱ्या, धारणशक्ती बरीच घटल्यावर, २००९ मध्ये अंतराळवीरांनी बदलल्या.