चेहरा तोच हवा : तीन वाटा आणि त्यांची किंमत

एका श्रोत्याचा प्रश्न आहे. त्यांना मावशीच्या साठीनिमित्त, तिच्या परवानगीनं, तिच्या आयुष्यावर बारा जलरंगी चित्रांचं पुस्तक करायचंय. मावशीच्या डाव्या गालावर ठसठशीत तीळ आहे. फेस स्वॅप, रेफरन्स अडॅप्टर की फाइन-ट्यूनिंग?

आधी फेस स्वॅप. एक फोटो पुरतो, काम काही सेकंदांत होतं. पण यात बदलतो तो साधारण भुवयांपासून हनुवटीपर्यंतचा भाग. डोक्याचा आकार, कान, केस मूळ चित्रातल्या बाईचेच राहतात. शिवाय सर्रास वापरलं जाणारं `inswapper_128` हे मॉडेल चेहरा फक्त १२८ बाय १२८ पिक्सेलमध्ये बनवतं. मोठ्या चित्रात तो धूसर दिसतो, आणि जलरंगात तर फोटो कापून चिकटवल्यासारखा. खऱ्या फोटोत, लहान चेहऱ्यासाठी मात्र ही वाट उत्तम.

दुसरी वाट, आयपी-अडॅप्टर फेसआयडीसारखा अडॅप्टर. इथे चेहरा ओळखणारं मॉडेल फोटोचा ५१२ आकड्यांचा सारांश काढतं आणि चित्र सुरुवातीपासूनच त्याच्या आधारानं तयार होतं. त्यामुळे जलरंग टिकतो आणि ट्रेनिंगचा खर्च शून्य. पण हा सारांश माणूस ओळखण्यापुरता असतो. तीळ त्यात सहसा उरत नाही. चित्रातली बाई मावशीची सख्खी बहीण वाटते, मावशी नव्हे. अडॅप्टरचा जोर वाढवला की चेहरा जवळ येतो, पण शैली आणि हावभाव आखडतात.

तिसरी वाट, लोरा पद्धतीचं फाइन-ट्यूनिंग. वेगवेगळ्या कोनांतले, वेगवेगळ्या उजेडातले पंधरा-वीस फोटो, बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड आणि एखाद-दोन तास. तीळ शिकतो तो इथेच. मात्र `flip_aug` बंद ठेवा. नाहीतर ट्रेनिंगमध्ये फोटो आरशासारखे उलटतात आणि तीळ कधी उजव्या गालावर जातो. सेल्फीसुद्धा उलट्या नाहीत ना, ते बघून घ्या. सगळ्या फोटोंत एकच साडी असेल, तर मॉडेल साडीलाच मावशी समजतं. ओळखायची खूण सोपी: बाजारातलं चित्र मागितलं तरी तीच साडी आली, की ट्रेनिंग जास्त झालं. मग आधी सेव्ह केलेली फाइल वापरा.

आता पारख. चेहऱ्याच्या साम्याचा स्कोअर बघून या तिघांची तुलना करू नका. पहिल्या दोन वाटा तशाच सारांशावर चालतात, त्यामुळे त्यांना गुण जास्त मिळणारच. त्यापेक्षा नाव न सांगता चित्र घरातल्याला दाखवा आणि विचारा, ही कोण?

माझं मत : एकच शुभेच्छापत्र असतं तर अडॅप्टर पुरला असता. बारा चित्रं आणि तो तीळ, म्हणून लोरा. तरुणपणच्या चित्रांसाठी मात्र तेव्हाचे फोटो वेगळे द्यावे लागतील, कारण साठीच्या फोटोंवरून मॉडेल विशीची मावशी अंदाजानंच काढणार.

भेटू पुढच्या भागात.