बँकेच्या साहेबांना चिठ्ठी, आणि तीत लिहायचा आकडा

नरसी नामदेवच्या शिवारात जूनच्या पावसावर लावलेली हळद फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते आणि काढली की लगेच शिजवावी लागते. त्यामुळे शिजवण्याच्या बॉयलरसाठी कर्ज हवं असेल, तर साहेबांची भेट मागायची वेळ फेब्रुवारी नव्हे, नोव्हेंबर. मार्च हा बँकेचा वसुलीचा महिना, आणि एप्रिल ते जून खरिपाच्या पीक कर्जाची गर्दी. या चार महिन्यांत शाखेत एखाद्या वेगळ्या कर्जावर निवांत बोलायला कोणालाच सवड नसते. नोव्हेंबरात कृषी अधिकारी बसलेले सापडण्याची शक्यता जास्त असते, तरी आठवड्यातले काही दिवस ते पाहणीसाठी गावोगाव फिरतीवर असतात. म्हणून आधी छोटा अर्ज टाकावा, कोणत्या दिवशी येऊ ते विचारावं आणि मगच जावं.

आपलं गाव ज्या बँकेला दत्तक आहे, त्या शाखेलाच हा अर्ज द्यावा. पीक कर्ज त्याच शाखेत असतं, त्यामुळे नवं कर्जही तिथूनच सोयीचं पडतं. दुसरीकडे गेलं, तर बहुतेक वेळा 'तुमचं गाव आमच्याकडे नाही' हे ऐकून परतावं लागतं.

भेटीच्या अर्जात बरेचजण 'कर्जाविषयी चर्चा करायची आहे' एवढंच लिहितात. त्यावर साहेब तारीख देतात, पण कागदांची यादी देऊ शकत नाहीत, कारण कागद ठरतात ते रकमेवरून. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ जानेवारी २०२५ पासून एका शेतकऱ्याच्या दोन लाख रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. त्याआधी ही मर्यादा एक लाख साठ हजार होती. ही मर्यादा माणशी आहे. आधीचं पीक कर्जही तीत मोजलं जातं, आणि नेमकं हेच पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

एक उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याचं नव्वद हजारांचं पीक कर्ज चालू आहे. त्याला मोठा बॉयलर घ्यायचा आहे आणि दुकानदाराचं कोटेशन तीन लाख वीस हजारांचं आहे. बँकेने वीस टक्के हिस्सा मागितला, तर चौसष्ट हजार त्याचे आणि दोन लाख छप्पन्न हजार बँकेचे. नव्वद हजार धरले की एकूण तीन लाख सेहेचाळीस हजार होतात, म्हणजे तारण आलं. जमीन तारण द्यायची, तर बँकेच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट, जुने फेरफार, चतुःसीमा आणि सातबारावर बोजा चढवणं हे सगळं ओघाने येतं. त्याच शेतकऱ्याने एक लाखाचा साधा संच घ्यायचं ठरवलं, तर एकूण कर्ज एक लाख नव्वद हजार होतं. मग यातलं काहीच लागत नाही. यंत्र हळद शिजवण्याचंच, पण कागदांची थप्पी निराळी. म्हणून अर्जात रक्कम, कारण आणि चालू कर्ज या तीन गोष्टी हव्यातच. चौथी म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे.

अर्ज असा लिहिता येईल:

प्रति, मा. शाखाधिकारी / कृषी अधिकारी,
विषय : हळद शिजवण्याच्या यंत्रासाठी कर्जाबाबत भेटीची वेळ मिळणेबाबत.
महोदय, मी नरसी नामदेव येथील शेतकरी असून आपल्या शाखेत माझं बचत खातं आहे (शेवटचे चार अंक ....). माझ्या नावे पाच एकर जमीन असून रु. ९०,०००/- चं पीक कर्ज चालू आहे. यंदाच्या हंगामासाठी रु. ३,२०,०००/- किमतीचं यंत्र घेण्याचा विचार असून साधारण रु. २,५६,०००/- कर्ज हवं आहे. गट क्रमांक .... माझ्या नावे असून गट क्रमांक .... सामाईक आहे. येत्या आठवड्यात सोयीच्या दिवशी भेटीची वेळ द्यावी आणि सोबत आणायच्या कागदपत्रांची यादी कळवावी, ही विनंती. सध्या सातबारा, आठ-अ, आधार, पॅन, पासबुक आणि यंत्राचं कोटेशन माझ्याकडे तयार आहे.
आपला विश्वासू, (सही, मोबाइल क्रमांक)

आधारचा पूर्ण क्रमांक अर्जात लिहू नये. भेटीच्या वेळी झेरॉक्स द्यावी लागली, तर तिच्यावर 'फक्त कर्ज प्रकरणासाठी' असं आडवं लिहून तारीख टाकावी. अर्जाच्या दोन प्रती करून एकीवर आवक शिक्का घ्यावा.

आता त्या 'तयार' कागदांकडे वळू, कारण अडतं ते इथेच. फुकट बघायचा सातबारा फक्त माहितीसाठी असतो, बँकेला तो चालत नाही. डिजिटल सहीचा सातबारा digitalsatbara.mahabhumi.gov.in वर पंधरा रुपयांत मिळतो. तो हातात आला की आधी 'इतर हक्क' हा रकाना वाचावा. सोसायटीचं किंवा दुसऱ्या बँकेचं कर्ज कधीच फेडलेलं असतं, पण बोजा कमी केलेला नसतो, आणि तो तिथे तसाच उभा असतो. बँकेच्या दृष्टीने ते चालू कर्जच. मग बेबाकी दाखला घेऊन तलाठ्याकडे जावं लागतं. त्यानंतर गाव नमुना बारा बघावा. ई-पीक पाहणी केलेली नसेल, तर तिथे हळदीचं नावच नसतं, आणि हळद शिजवायला कर्ज मागणाऱ्याच्या उताऱ्यावर हळद नाही, हे साहेबांच्या लगेच लक्षात येतं.

नाव तपासावं ते अक्षर न् अक्षर. सातबारावर 'तुळशीराम' आणि आधारवर 'तुलसीराम' असं असेल, तर संगणकावर प्रकरण तिथेच अडकू शकतं. सगळ्यांत जास्त वेळ जातो तो वारस नोंदीत. वडील गेले, पण सातबारा अजून त्यांच्याच नावावर, असं पुष्कळ घरांत असतं. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवस थांबावं लागतं, आणि सामाईक खातं असेल तर कर्जाला भावांची संमतीही हवी. बाहेरगावी असलेल्या भावाची सही ऐन हळदीच्या घाईत मिळत नाही. तसं असेल, तर अर्जात स्पष्ट लिहावं: 'वारस नोंदीची कार्यवाही चालू आहे.' लपवून काही फायदा नाही, सर्च रिपोर्टमध्ये ते दिसतंच.

काही कागद काढायची घाई करू नये. सर्च रिपोर्ट बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाचाच लागतो, दुसऱ्याकडून करून घेतला तर ते पैसे वाया जातात. कोटेशनला मुदत असते, म्हणून ते भेटीच्या आसपास घ्यावं, आणि त्यावर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक आहे का ते पाहावं.

भेटीत साहेबांनी कागद सांगितले, की त्यांच्यासमोरच लिहून घेऊन वाचून दाखवावेत आणि खाली तारीख टाकावी. आणि एक गोष्ट लक्षात ठेवावी: हा भेटीचा अर्ज म्हणजे कर्जाचा अर्ज नव्हे. कर्जाचा अर्ज बँकेच्या छापील नमुन्यात वेगळा भरून द्यायचा आणि त्याचीही पोच मागायची. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे कर्जाच्या प्रत्येक अर्जाची पोच द्यायची असते आणि कर्ज नाकारलं तर त्याचं कारण लेखी कळवायचं असतं. पोच हातात असली, तरच हे कारण मागता येतं.