चपलेवरचा कर : भरणारा एक, सोसणारा दुसराच

आमच्या कारागीर बांधवांत एक समज घट्ट बसला आहे. "आमचा धंदा लहान, जीएसटीचा नंबर नाही, म्हणजे टॅक्सशी आमचा संबंध नाही." कायद्याच्या दृष्टीने यात बरेच तथ्य आहे. महाराष्ट्रात मालाची वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. परंतु सरकारजमा कोण करतो आणि भार कोणावर पडतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

पुस्तकी व्याख्या सोपी आहे. प्राप्तिकर हा प्रत्यक्ष कर, ज्याच्या नावावर निघेल त्यानेच सोसायचा. जीएसटी हा अप्रत्यक्ष कर, व्यापाऱ्याने भरायचा आणि गिऱ्हाइकाकडून वसूल करायचा. बाजारात मात्र हे इतके सरळ चालत नाही. चपलेच्या एका जोडाचा हिशोब मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत.

नोंदणी नसलेला एक कारागीर आहे. एका जोडाला त्याला 100 रुपयांचा कच्चा माल लागतो व त्या बिलात 8 रुपये जीएसटी असतो. मजुरी आणि इतर खर्च 60 रुपये, नफा 25 रुपये. म्हणजे जोड 193 रुपयांना विकला पाहिजे. ते 8 रुपये त्याने मालाच्या दुकानात केव्हाच मोजले आहेत. नोंदणी नसल्याने ते त्याला वजावट म्हणून परत मिळत नाहीत.

शेजारचा कारखानदार नोंदणीकृत आहे. माल, मजुरी, नफा सगळे तेवढेच. पण 8 रुपयांची वजावट त्याला मिळते, म्हणून त्याची मूळ किंमत 185 रुपये. त्यावर 5 टक्क्यांनी 9 रुपये 25 पैसे कर लावून तो 194 रुपये 25 पैशांचे बिल करतो.

आता ठोक व्यापारी येतो. तो नोंदणीकृत आहे, बिलातले 9 रुपये 25 पैसे तो आपल्या करातून वजा करतो. त्याला कारखानदाराचा जोड पडतो 185 ला आणि आपल्या कारागिराचा 193 ला. तो सरळ सांगतो, "मला 185 लाच दे, नाहीतर तिकडून उचलतो." कारागीर मान्य करतो, आणि 25 चा नफा 17 वर येतो. जीएसटीच्या कुठल्याच कागदावर त्याचे नाव नाही, तरी 8 रुपयांचा कर त्यानेच सोसला.

तोच जोड त्याने आठवडी बाजारात थेट गिऱ्हाइकाला विकला तर? गिऱ्हाइकाला वजावट वगैरे काही नसते. त्याला कारखानदाराचा जोड 194 रुपये 25 पैशांना, आपल्या कारागिराचा 193 ला. कारागिराला भाव उतरवावा लागत नाही आणि ते 8 रुपये गिऱ्हाईक देते. कर तोच, माल तोच, फक्त समोरचा बदलला.

ज्याला दुसरीकडे वळता येत नाही, त्याच्यावर भार सरकतो. ठोक व्यापाऱ्याला दुसरा माल मिळतो, कारागिराला दुसरा व्यापारी मिळत नाही. मात्र एखाद्याच्या हातचे कामच असे असेल की दुसरीकडे मिळतच नाही, तर व्यापारी 193 सुद्धा देईल. बहुतेकांचा सौदा मध्येच कुठेतरी, 188-189 वर तुटतो आणि भार दोघांत वाटला जातो.

दर बदलतो तेव्हा हे अधिक उघड दिसते. 1 जानेवारी 2022 पासून 1000 रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवरचा जीएसटी 5 वरून 12 टक्के झाला. 210 रुपयांना विकली जाणारी चप्पल घ्या. 5 टक्क्यांत तिची मूळ किंमत 200 होती. पूर्ण वाढ गिऱ्हाइकावर टाकायची तर भाव 224 व्हायला हवा. दुकानदाराने गिऱ्हाईक तुटेल म्हणून 210 च ठेवला तर मूळ किंमत 187 रुपये 50 पैसे उरते. हे साडेबारा रुपये दुकानदार, ठोक व्यापारी आणि कारागीर यांच्यातूनच कोणाच्या तरी खिशातून जाणार, आणि दबाव वरून खाली येतो. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या जोडावर पुन्हा 5 टक्के झाले. दर उतरल्याचा फायदा मात्र आपोआप खाली झिरपत नाही, तो मागावा लागतो.

प्रत्यक्ष करही नेहमी जागच्या जागी राहत नाही, हे जाता जाता सांगतो. महापालिकेचा मालमत्ता कर गाळामालकाच्या नावे असतो, पण मोक्याच्या बाजारात तो भाड्यात चढलेला असतो. गाळे ओस पडले की तोच कर मालकाला निमूट सोसावा लागतो.

तेव्हा नोंदणी करावी की नाही, हे उलाढालीच्या आकड्यावरच ठरवू नये. एका महिन्याची कच्च्या मालाची बिले काढा, त्यातला कर वेगळा लिहा आणि जोडांच्या संख्येने भागा. मग विक्रीतला किती माल वजावट घेणाऱ्या व्यापाऱ्यांकडे जातो आणि किती थेट गिऱ्हाइकाकडे, ते पाहा. व्यापाऱ्यांचा वाटा मोठा असेल तर स्वेच्छेने नोंदणी करून हे 8 रुपये वाचू शकतात. त्यातून हिशोबनीसाची फी आणि विवरणपत्रांचा खटाटोप मात्र वजा करायला हवा. 1 टक्का भरण्याची कंपोझिशन योजना यासाठी उपयोगी नाही, कारण तिच्यात खरेदीची वजावट मिळत नाही आणि बिलात करही लावता येत नाही. माल थेट गिऱ्हाइकालाच जात असेल, तर वरच्या हिशोबात नंबर नसलेलाच सव्वा रुपयाने स्वस्त पडतो.