परिषदेची वेळापत्रिका: परिच्छेदातून चौकटीत

एखाद्या कृषी परिषदेच्या पत्रकात असा मजकूर असतो: ‘साडेअकरा वाजता दालन 1 मध्ये जलव्यवस्थापनाचे सत्र. त्याच वेळी दालन 2 मध्ये पीकविम्यावर चर्चा, ती सव्वाबारापर्यंत. त्यानंतर तिथेच माती परीक्षणाचे प्रात्यक्षिक. 1 वाजता सर्वांसाठी भोजन.’ वाचायला सोपे, पण सव्वाबाराला कुठे काय चालू आहे हे शोधताना वाचक गोंधळतो. त्याला हवा असतो तक्ता: वर दालने, डावीकडे वेळा.

लोक थेट तक्ता आखायला बसतात आणि तिथेच चुकतात. आधी साधी यादी करावी. एका ओळीत एकच सत्र, आणि त्याचे दालन, सुरुवात, शेवट, विषय असे चार रकाने. यादी करताच मजकुरातली भोके दिसतात. जलव्यवस्थापनाचे सत्र संपते कधी? ‘त्यानंतर’ म्हणजे लगेच, की चहा घेऊन? भोजन 1 वाजता आहे म्हणून सत्रही 1 ला संपत असेल, असे गृहीत धरू नये. संयोजकांना विचारावे.

एक्सेलमध्ये दुपारची वेळ 14:15 अशीच लिहावी. नुसते 2:15 लिहिले तर ती रात्रीची सव्वादोनची वेळ धरली जाते आणि क्रम लावताना भोजनानंतरचे सत्र उद्घाटनाच्याही वर जाते.

यादी दालन आणि मग सुरुवातीच्या वेळेनुसार लावली की धडक तपासता येते. A मध्ये दालन, B मध्ये सुरुवात, C मध्ये शेवट असेल तर तिसऱ्या ओळीत हे सूत्र लिहून खाली ओढावे:

```
=IF(AND(A3=A2,B3<C2),"धडक","")
```

एकच वक्ता एकाच वेळी दोन दालनांत तर नाही ना, हे मात्र वक्त्यांच्या नावांनुसार यादी लावून वेगळे पाहावे लागते.

आता तक्ता. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ठरावीक ओळी आखू नयेत, कारण सव्वाबारा त्यांत बसत नाही. यादीतल्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या सगळ्या वेगवेगळ्या वेळा हीच ओळींची सीमा. जलव्यवस्थापन 1 वाजता संपत असेल तर सीमा 11:30, 12:15 आणि 13:00, म्हणजे भोजनापूर्वी दोनच ओळी. दालन 1 च्या रकान्यात ते सत्र दोन्ही ओळी व्यापते, दालन 2 मध्ये चर्चा आणि प्रात्यक्षिक एकाखाली एक येतात. तेच सत्र 12:30 ला संपत असेल तर तिथे नवी सीमा पडते, ओळी तीन होतात आणि आता प्रात्यक्षिक दोन ओळींत पसरते. भोजन सगळ्या दालनांवर आडवे जाते.

चौकटी जोडण्याचे काम अगदी शेवटी करावे, कारण जोडलेल्या चौकटींमुळे एक्सेलमध्ये क्रम लावता येत नाही. म्हणूनच मूळ यादी जपून ठेवावी. वेळ बदलली तर आधी यादीत बदलावी आणि तक्ता त्यावरून पुन्हा करावा. छापण्याआधी यादीतल्या प्रत्येक सत्रावर खूण करत ते तक्त्यात एकदाच आले आहे का, हे पाहावे. आणि संयोजकांनो, पत्रक लिहिताना प्रत्येक सत्राची शेवटची वेळही लिहा.