जस्त एवढं उशिरा का सापडलं?

पितळेत जस्त असतं. पितळेची भांडी दोन हजार वर्षांपूर्वीही होती, पण तेव्हा त्यातलं जस्त स्वतंत्र धातू म्हणून फारसं कुणाच्या हाती लागलेलं नव्हतं. लोखंड, तांबं, शिसं कोळशाच्या भट्टीत सुटून येत असताना जस्तानेच एवढा त्रास का दिला? याचं उत्तर एका आलेखात सापडतं. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या हॅरल्ड एलिंगहॅम यांनी १९४४ मध्ये तो प्रसिद्ध केला.

आलेखात आडव्या अक्षावर तापमान असतं आणि उभ्या अक्षावर मुक्त ऊर्जा, म्हणजे एक मोल ऑक्सिजन धातूशी जोडला जाताना किती ऊर्जा कामाला येऊ शकते तो आकडा. आकडे ऋण असतात, त्यामुळे रेषा शून्याच्या खाली असतात. जिची रेषा जितकी खाली, तिचं ऑक्साइड तितकं घट्ट. म्हणून खालच्या रेषेचा पदार्थ वरच्या रेषेच्या धातूकडून ऑक्सिजन हिसकावून घेऊ शकतो. क्षपणक निवडायचा तो याच नियमाने.

बहुतेक धातूंच्या रेषा तापमानाबरोबर वर चढतात, कारण ऑक्सिजनसारखा मोकळा वायू घन ऑक्साइडमध्ये अडकतो आणि उष्णता वाढेल तसं ते अधिकाधिक महाग पडतं. कार्बनचं मात्र उलट आहे. कोळसा जळून कार्बन मोनॉक्साइड होतो तेव्हा ऑक्सिजनच्या एका मोलातून वायूचे दोन मोल तयार होतात, म्हणून त्याची रेषा खाली उतरत जाते. भट्टी पुरेशी तापवली की ही उतरती रेषा एकेका धातूची चढती रेषा ओलांडते. लोखंडाच्या बाबतीत हे सुमारे ७२० अंश सेल्सिअसला घडतं. कोळशाची ही रेषा हे मला या आलेखातलं सर्वांत सुंदर सत्य वाटतं.

आता जस्त बघा. साध्या तापमानाला जस्ताच्या ऑक्साइडचा आकडा उणे ६४० किलोज्यूलच्या आसपास असतो आणि कोळशाचा उणे २७५ च्या. एवढ्या अंतरावर कोळशाचं काही चालत नाही. दोन्ही रेषा भेटतात त्या सुमारे ९५० अंशांना. पण जस्त ९०७ अंशांनाच उकळतं! म्हणजे धातू मोकळा होतो तोच वाफ होऊन. उघड्या भट्टीत ती वाफ धुराबरोबर निघून जाते, हवेला भिडताच पेटते आणि धुराड्यात पांढरं ऑक्साइड साचतं. पितळ करताना तांबं त्याच भट्टीत असायचं. ही वाफ ते शोषून घेई, म्हणून पितळ जमलं आणि जस्त राहून गेलं.

भट्टी बंद केली तरी अडचण संपत नाही. वाफ ९५० अंशांखाली थंडावू लागली की रेषांचा क्रम पुन्हा उलटतो. सोबतच्या कार्बनच्या वायूंकडून जस्त ऑक्सिजन परत घेऊ लागतं आणि धातूच्या गोळ्याऐवजी निळसर भुकटी मिळते; तिच्या कणाकणावर ऑक्साइडचं कवच असतं. अशी भुकटी दिसली की वाफ फार सावकाश थंडावली असं समजावं.

राजस्थानात उदयपूरच्या दक्षिणेला जावर इथल्या कारागिरांनी यावर तोड काढली. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत भाजलेलं खनिज आणि कोळसा होणारे सेंद्रिय पदार्थ भरत. मुशीच्या तोंडाला मातीची नळी बसवत आणि मूस उलटी टांगत. एका भट्टीत अशा ३६ मुशी असत. वर आग, मध्ये भोकांची मातीची फरशी आणि खाली थंड कप्पा. वाफ हवेला न भेटता नळीतून झटकन खाली उतरे आणि द्रवरूप जस्त खालच्या भांड्यात जमे. अशा मुशीचं वर्णन ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथातही आहे. युरोपात विल्यम चॅम्पियनने ब्रिस्टलमध्ये वाफ खाली उतरवण्याच्या अशाच पद्धतीचं पेटंट घेतलं ते १७३८ मध्ये.

हे साधलं कशामुळे, ते आलेखात मात्र दिसत नाही. काय घडू शकतं एवढंच तो सांगतो. किती वेगाने घडेल याबद्दल तो गप्प असतो. वाफ भरभर थंडावली तर उलटी क्रिया घडायला सवडच मिळत नाही, आणि जावरची सारी करामत त्या सवडीत आहे. शिवाय आलेखाचे आकडे वायूंचा दाब एक वातावरण धरून काढलेले असतात. प्रत्यक्ष भट्टीत दाब बदलला की छेदबिंदूही सरकतो.

ॲल्युमिनिअमची रेषा तर इतकी खाली आहे की कोळसा तिला गाठतो तो २००० अंशांच्या पुढे, आणि तिथे धातूऐवजी कार्बाइड होऊ लागतं. म्हणून १८८६ पासून ॲल्युमिनिअम विजेनेच काढतात. पण याच खालच्या रेषेमुळे ॲल्युमिनिअमची पूड स्वतः जबरदस्त क्षपणक ठरते. रेल्वेचे रूळ जोडताना ती लोखंडाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेते आणि वितळलेलं लोखंड सांध्यात उतरतं.

उदयपूरला गेलात तर जावरपर्यंत जरूर जा. वापरून झालेल्या मुशींचे तिथे ढीग आहेत, आणि जुन्या घरांच्या भिंतींतही त्या विटांसारख्या रचलेल्या दिसतात.