२५० वॅटच्या ट्रान्झिस्टरला १०० व्होल्टवर एकच अँपिअर

पॉवर ट्रान्झिस्टरच्या डेटाशीटवर तीन आकडे ठळकपणे दिलेले असतात: कमाल व्होल्टेज, कमाल करंट आणि कमाल पॉवर. ऑडिओ अँप्लिफायरमध्ये पुष्कळ वापरल्या गेलेल्या एमजे१५००३ या ट्रान्झिस्टरसाठी ते १४० व्होल्ट, २० अँपिअर आणि २५० वॅट असे आहेत. व्होल्टेज आणि करंट यांचा गुणाकार २५० वॅटच्या आत राहिला की झाले, असे यावरून वाटते. पण याच डेटाशीटनुसार ५० व्होल्टवर ५ अँपिअर, म्हणजे पुरते २५० वॅट चालतात. १०० व्होल्टवर मात्र एकाच अँपिअरची मुभा आहे, म्हणजे अवघे १०० वॅट.

ही मर्यादा ‘सेफ ऑपरेटिंग एरिया’च्या आलेखात दिसते. त्यात आडव्या अक्षावर कलेक्टर आणि एमिटर यांमधले व्होल्टेज असते, उभ्या अक्षावर कलेक्टर करंट. वरची सपाट रेषा करंटची कमाल दाखवते आणि उजवीकडची उभी रेषा व्होल्टेजची. या दोन्हींमध्ये उतरत जाणारी रेषा पॉवरची असते. मात्र ५० व्होल्टच्या पुढे हा उतार एकदम तीव्र होतो. तिथून पुढे ट्रान्झिस्टरवर सेकंड ब्रेकडाउनचे बंधन येते. थॉर्नटन आणि सिमन्स यांनी १९५८ मध्ये या घटनेचे वर्णन केले होते.

पॉवरचा आकडा सगळी चिप सारखी तापते असे धरून काढलेला असतो. प्रत्यक्षात एखादा भाग किंचित जास्त तापतो. सिलिकॉन तापले की तेवढाच करंट वाहण्यासाठी बेसला लागणारे व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरते. बेस तर सगळ्या चिपला सामाईक असतो, म्हणून तापलेला भाग शेजारच्यांच्या वाट्याचा करंट स्वतःकडे ओढतो आणि आणखी तापतो. व्होल्टेज जितके जास्त, तितकी त्या जादा करंटमागे निर्माण होणारी उष्णता जास्त. शेवटी सगळा करंट एका ठिपक्याएवढ्या जागेत गोळा होतो, कलेक्टर-एमिटर व्होल्टेज एकाएकी कोसळते आणि ती जागा वितळते. हीटसिंक हाताला कोमट लागत असतानाही हे घडू शकते.

आलेखावर बहुधा एकापेक्षा जास्त रेषा असतात. सतत चालणाऱ्या करंटची रेषा सर्वांत आत असते; १०० मिलिसेकंद, १० मिलिसेकंद, १ मिलिसेकंद अशा एकेका पल्ससाठीच्या रेषा क्रमाने बाहेर सरकतात. तापमान चढायला वेळ लागतो, म्हणून थोडा वेळ जास्त भार सोसतो. व्होल्टेजची उभी रेषा मात्र पल्स कितीही छोटा असला तरी हलत नाही. शिवाय हे आलेख केसचे तापमान २५ अंश सेल्सिअस धरून काढलेले असतात. केस ९० अंशांवर गेली, की याच ट्रान्झिस्टरचे २५० वॅट सुमारे १५७ वर येतात.

±६० व्होल्टच्या सप्लायवर चालणारा अँप्लिफायर ८ ओहमच्या भाराला ४८ व्होल्ट शिखराचा सिग्नल देतो, असे समजू. भार निव्वळ रेझिस्टर असेल, तर ट्रान्झिस्टरवरची पॉवर जास्तीत जास्त ११२ वॅटपर्यंत जाते, तीही ३० व्होल्टवर. पण लाउडस्पीकरमध्ये करंट आणि व्होल्टेज एका तालात नसतात. करंट ६० अंशांनी पुढे असेल, तर आउटपुट उणे २४ व्होल्टवर असतानाही वरच्या बाजूच्या ट्रान्झिस्टरमधून ३ अँपिअर वाहतात. त्याच्यावर तेव्हा ८४ व्होल्ट असतात. पॉवर २५२ वॅट भरते, म्हणजे नावाच्या आकड्याला जेमतेम टेकलेली. पण ८४ व्होल्टवर सतत सोसणारा करंट अंदाजे दीडच अँपिअर आहे. प्रत्येक आवर्तनाचा सुमारे पाचवा हिस्सा हा ट्रान्झिस्टर आतल्या रेषेबाहेर असतो. १ किलोहर्ट्झला हा काळ ०.२ मिलिसेकंद असतो, २० हर्ट्झला मात्र १० मिलिसेकंद. म्हणून खर्जाचा सूर जास्त घातक. पल्सच्या रेषेचा आधारही इथे जपूनच घ्यावा लागतो, कारण ती थंड चिपवरच्या एकट्या पल्ससाठी असते आणि इथे पल्स एकामागून एक येत राहतात.

यावर उपाय म्हणजे करंट वाटून देणे. तीन ट्रान्झिस्टर समांतर जोडले, तर ८४ व्होल्टवर प्रत्येकाच्या वाट्याला एकच अँपिअर येतो. वाटणी समान राहावी म्हणून प्रत्येकाच्या एमिटरला एक छोटा रेझिस्टर लावतात. व्होल्टेज वाढेल तशी करंटची परवानगी कमी करणारे संरक्षक सर्किटही वापरले जाते. सेकंड ब्रेकडाउनने गेलेला ट्रान्झिस्टर मल्टिमीटरवर बहुधा कलेक्टर ते एमिटर शॉर्ट दाखवतो. असा ट्रान्झिस्टर नुसता बदलून भागत नाही: मोठ्या हीटसिंकने केस थंड राहते, पण चिपमधला तप्त ठिपका तेवढ्याने टळत नाही.